चौदा कोऱ्या चिठ्ठ्या

आमच्या धारगळकडच्या पाटावर चौदा शेतकरी. कालव्यातून आठ दिवसांनी पाणी सुटते आणि चार दिवस चालते, म्हणजे एका पाळीला शहाण्णव तास. मी शाळेच्या कचेरीत कारकून. माझा शेताचा तुकडा पाटावर आठवा, अगदी मधला. आकडे नीट ठेवतो म्हणून लोकांनी मला पाणी गटाचा चिटणीस केले होते.

त्या वर्षी तीन पाळ्या मी कोणाचे पाण्याचे दार किती वाजता उघडले आणि मिटले ते लिहून ठेवले. पाटावर जागा पंधरा, त्यांतल्या पहिल्या दोन एकाच माणसाच्या, आमच्या भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या. जमीन एकूण क्षेत्राच्या चौथाईहून कमी, पाणी दर पाळीला पन्नास तासांच्या वर. शेवटचा तुकडा एका विधवा बाईचा, तिला मी वयनी म्हणतो. तिचा हिस्सा सोळावा, म्हणजे तिचे सहा तास. पहिल्या पाळीला तिला चार तास मिळाले, दुसऱ्या पाळीला दोन, तिसऱ्या पाळीला काहीच नाही. तिचे वायंगणाचे, म्हणजे उन्हाळी, भात पोटरीत आले होते. भाटकारांचे माड आठ दिवस तहान काढतात. पोटरीतल्या भाताला तेवढा वेळ नसतो. चौथी पाळी चुकली तर दाणा भरणार नव्हता.

जलसंपदा खात्याच्या अभियंत्याने सांगितले, पाळी शेवटच्या शेतापासून सुरू करून वर आणा. गटाने तसा ठराव करून सह्यांनिशी द्यावा, बैठक तुम्हीच चालवा. मी आधी घरोघर फिरलो. तेरा घरांपैकी अकरा घरांनी मला स्पष्ट सांगितले, खालून वर झाले तर बरे. वयनीने चहा करून दिला आणि म्हणाली, "भावजी, सहा तास नको, चार मेळूंदेत. पण ह्या पाळयेक मेळूंदेत." मी वहीत अकरा खुणा केल्या. मला वाटले, काम झालेच आहे, आता फक्त बैठक घ्यायची.

बैठक देवळाच्या मंडपात, रविवारी सकाळी. भाटकारांना सगळा गाव भाई म्हणतो. पाटासाठी जमीन त्यांनीच सोडली होती, हे कोणी विसरलेले नाही, आणि ते विसरूही देत नाहीत. चौदा घरांपैकी नऊ घरे त्यांच्या जमिनीवर उभी आहेत. अशा घरांत राहणाऱ्या मुंडकारांच्या नावावर घर व्हायला जे कागद लागतात, ते त्यांनी हरकत घेतली की वर्षानुवर्षे अडतात.

आमच्याकडे चार माणसे जमली की आधी देवाला गाऱ्हाणे घालतात. तो मान वडीलधाऱ्याचा. मी विचारही न करता म्हटले, "भाई, गाऱ्हाणां घाला."

त्यांनी नारळ हातात घेतला. "बा देवा म्हाराजा! आज ही तुझी चवदा घरां तुझ्या पायांकडे जमली आसत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"पाणी पूर्वापार वरसून खाली इलां, तशांच येंवदे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जो कोण ह्या रिवाजात वाकडां बोलात, तेचां तोंड तूच बंद कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

ही शेवटची हाक मीही दिली. लहानपणापासून ती तोंडातून आपोआप निघते. नारळ फुटला, खोबरे वाटले गेले, आणि खोबरे चावता चावता माझ्या लक्षात आले की ठराव झालासुद्धा. देवासमोर, माझ्या तोंडून.

तरी मी उठलो. तीन पाळ्यांचे तास वाचून दाखवले, कोणाचे नाव न घेता, पहिली जागा, दुसरी जागा, पंधरावी जागा, असे. भाई शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "अरे, घड्याळ पाणी पिता काय? पाणी जमीन पिता. ज्या जमनीक जितकी तहान तितकां ती पिता." माणसे हसली. त्यानंतर ते बोलत राहिले. पाट कसा आणला, त्या वेळी कोण कोण आडवे आले, कोण कोणाच्या पाया पडले. मी मधे दोनदा म्हटले, "भाई, बाकीच्यांचांय ऐकूया." ते म्हणायचे, "व्हय तर! बोला रे, बोला, माझी हरकत खंय आसा?" आणि लोकांकडे बघायचे. लोक जमिनीकडे बघायचे. माझ्या घरी येऊन मोठमोठ्याने बोलणारा दहाव्या जागेचा शेतकरी खोबऱ्याची करवंटी नखाने खरवडत बसला होता.

मी चिठ्ठ्या काढल्या. नाव घालायचे नाही, वरून खाली की खालून वर, एवढेच लिहायचे. मला वाटले, तोंड बंद असले तरी हात चालेल.

भाई म्हणाले, "काय रे, फंडाची सोडत काढतंस काय?" पुन्हा हशा. मग अगदी मायेने, "लिवा लिवा. घराच्या कागदांवर तुमच्या सह्या मीच बघतंय. एकेकाचां अक्षर वळखतंय मी."

तेरा चिठ्ठ्या आल्या. मी एकेक उघडली. तेराही कोऱ्या. चौदावी माझी होती, खिशातच राहिली होती. सगळ्यांना वाटता वाटता स्वतःची लिहायची राहूनच गेली.

तेव्हा मी जे केले ते मला अजून पटत नाही. मागे खांबाला टेकून वयनी उभी होती. मी म्हटले, "वयनी, तुमचां शेत शेवटचां. तुमीच सांगा, पाणी पावता काय?"

सगळ्यांनी मान वळवली. भाईंनीही वळवली. तिचे घर भाईंच्या माडांत आहे, हे मला माहीत होते. माझ्या वहीत लिहिलेले होते.

"माझां काय नाय," ती म्हणाली. "चल्ता तशां चलांदे."

"बघ," भाई म्हणाले, "जेचां दुखता म्हणून तू सांगतंस, तेचीच कागाळ नाय."

बैठक एक तास आणि दहा मिनिटे चालली. भाई साधारण अठ्ठेचाळीस मिनिटे बोलले, मी वीस. बाकी अकरा माणसे आणि वयनी मिळून दोन. ठरावाच्या वहीत मी लिहिले, 'सर्वानुमते पूर्वीप्रमाणे.' सर्वानुमते लिहायचे नसेल तर काय लिहायचे ते मला सुचले नाही. चौदा सह्या झाल्या, एक अंगठा. भाईंची सही दोन जागांसाठी दोनदा. बाहेर पडताना दहाव्या जागेचा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "बरो बोललंस हां."

चौथ्या पाळीला शेवटच्या शेतात पाणी पोचले नाही. मी मधल्या बांधावर उभा राहून वाट पाहिली. माझे स्वतःचे दार मी मिटून ठेवले होते. पण वरूनच पाणी आले नाही, तर खाली काय जाणार?

कापणीच्या वेळी तिच्या शेतातून मी दहा लोंब्या घेतल्या आणि दाणे मोजले. शंभरात सत्तरच्या आसपास पोचट. ती उभे भात गवत म्हणून कापत होती. मी मोजतोय ते तिने पाहिले. विळा खाली ठेवला नाही, कापता कापताच म्हणाली,

"भावजी, तुमी घराकडे इचारल्यात तेव्हा मी सांगूक नाय?"

"सांगलां," मी म्हटले.

"मग चार माणसांत कित्याक इचारल्यात?"

माझ्या मुठीत दहा लोंब्या होत्या. त्या तिच्या भाऱ्यावर ठेवल्या आणि मी बांधावरून घरी आलो.