दोघांसाठी कन्नड

दुर्गेश झाडेला बँकेत बढती मिळाली, आणि बढतीच्या आदेशातच कर्नाटकातल्या हासनची बदलीही आली. शाखेतल्या लोकांनी पेढे मागितले, सांत्वनही केलं. "लोकांशी बोलता आलं नाही तर काउंटरवर उभंच राहता येत नाही बाबा," असं एका जुन्या अधिकाऱ्यानं सांगितलं. त्याच संध्याकाळी दुर्गेश नागपूरच्या सीताबर्डीला गेला आणि मराठीतून कन्नड शिकवणारी दोन पुस्तकं घेऊन आला. एक संभाषणाचं होतं. त्यात प्रत्येक पानावर तीन रकाने: मराठी वाक्य, कन्नड लिपीतलं वाक्य आणि त्याचा देवनागरीतला उच्चार. दुसरं अक्षरं गिरवायचं.

मानेवाड्याच्या दोन खोल्यांत दुर्गेश आणि त्याचे वडील देवराव, एवढे दोघंच राहत. देवराव खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले होते. बायको गेल्यापासून त्यांचं बोलणं वाढलं होतं. दुर्गेश बँकेतून आला की ते दिवसभराचं साठवलेलं सगळं सांगत: पाण्याचा टँकर कधी आला, शेजारच्यांची कार कुठे घासली, कोणती गोळी संपत आली. दुर्गेश "हो, हो" करत जेवायचा. त्यांचं औषध, त्यांचा दवाखाना, त्यांचा रात्रीचा खोकला, यातलं काहीच त्याने कधी टाळलं नव्हतं. पण बदलीचा कागद हातात आला, तेव्हा त्याला सगळ्यात आधी मोकळं वाटलं होतं. आपली एक खोली, आणि दार उघडल्यावर आत कोणी वाट पाहत बसलेलं नाही. हे सुख मनात आलं आणि लगेच त्याला स्वतःची लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून ते सुख काही गेलं नाही.

त्याने कुहीला राहणाऱ्या बहिणीला फोन केला. "भूमिका, बाबा तुझ्याकडे राहतील का गं काही दिवस? तिकडं बँक एकट्यापुरतीच खोली देते."

बँक खोली वगैरे काही देत नव्हती. घर ज्याचं त्याने शोधायचं होतं. भूमिकाने लगेच हो म्हटलं. "पण बाबाले तूच सांग," ती म्हणाली. दुर्गेश म्हणाला, सांगतो.

सांगणं राहून गेलं, कारण देवरावांनीही पुस्तक हातात घेतलं.

सुरुवातीला ते फक्त मराठी रकाना वाचून दाखवत आणि दुर्गेशने कन्नड सांगायचं. मग दुर्गेश बँकेत गेल्यावर ते स्वतःच वाचत बसू लागले. एका संध्याकाळी त्यांनी दारातच त्याला अडवलं.

"दुर्गेश, हे तर आपल्यासारखंच आहे गा! 'ननगे नीरु बेकु.' ननगे म्हणजे मले. नीरु पाणी. बेकु पायजे. मले पाणी पायजे. शब्द तेवढे बदलायचे, बाकी वाक्य आपलंच."

"हो बाबा, क्रियापद शेवटी येते तिथंही."

"अन् तू ते सुरुवातीचं पान वाचलंच नाहीस. त्याईचा ए अन् ओ दोन प्रकारचा आहे, एक आखूड, एक लांब. 'कोडु' आखूड म्हटलं तर दे. लांब म्हटलं तर शिंग. तू साहेबाले शिंग मागशीन."

दुर्गेश हसला. कामापुरतं शिकायचं म्हणून त्याने प्रस्तावना सोडून थेट बँकेच्या धड्यावर उडी मारली होती: खातं, सही, रक्कम, उद्या या. देवराव मात्र घर, बाजार आणि दवाखान्याचे धडे करत होते. अक्षरं गिरवायला त्यांनी जुन्या कॅलेंडरची पानं काढली होती. एका अक्षराखाली दुसरं अक्षर लटकवायची ती पद्धत त्यांना जमत नव्हती. खालचं अक्षर नेहमी वरच्याहून मोठं होई. "इथं फक्त मुळं वाढून राहिले," म्हणत ते खोडत.

मग एकदा जेवताना त्यांनी विचारलं, "गुडघा दुखते, हे कसं म्हणायचं? दवाखान्याच्या धड्यात पोट आहे, डोकं आहे, गुडघा नाई."

दुर्गेशचा घास हातातच राहिला. "तुमाले कायले पायजे?"

"कायले म्हणजे? तिथं डॉक्टरले काय मराठीत सांगू?"

देवराव वाटीतलं वरण भातावर ओतत होते. बोलायची वेळ हीच होती. दुर्गेशने मोबाईलवर शोधून सांगितलं, "मोणकालु नोवु," आणि उठून हात धुतले. देवराव ते शब्द पुटपुटत राहिले. बेसिनपाशी उभ्या दुर्गेशला ते ऐकू येत होतं, आणि मागे वळायची त्याला हिंमत होत नव्हती.

हासनच्या शाखेतल्या एका सहकाऱ्याने त्याला शिवण्णा नावाच्या घरमालकाचा नंबर दिला होता. शिवण्णांना हिंदी जेमतेम येई. दुर्गेशने वाक्यं पाठ करून त्यांना फोन केला होता: मी बँकेत आहे, एकटाच आहे, मला एक खोली पाहिजे. शिवण्णांनी विचार करून कळवतो म्हटलं. हा फोन त्याने गच्चीवर जाऊन केला होता.

शिवण्णांचा फोन रविवारी सकाळी आला. दुर्गेश आंघोळीला गेला होता. आतून त्याला वडिलांचा मोठा, जपून बोलणारा आवाज ऐकू आला, "नानु अवर तंदे." मी त्यांचे वडील. पाणी तसंच वाहतं सोडून त्याने टॉवेल गुंडाळला आणि बाहेर आला. तोवर फोन बंद झाला होता. देवराव खाटेवर बसले होते, मोबाईल मांडीवर होता.

"कोण होतं?"

"घरवाला. शिवण्णा." देवरावांचा चेहरा आधी फुललेला होता. "लय भरभर बोलते गा तो. पुस्तकातल्यासारखं कोणीच नाई बोलत. पण एक समजलं. 'एष्टु जन' म्हणे. किती माणसं. मी म्हटलं, 'इब्बरु.' दोघं. माणसं मोजायचे शब्द वेगळे आहेत ना तिथं, आपल्या दोघं-तिघंसारखे. मी ते केले होते."

"मग?"

"मग तो 'ओब्बरु, ओब्बरु' करून राहिला. दोन डाव म्हणाला." देवरावांनी त्याच्याकडे पाहिलं. "ओब्बरु म्हणजे एकच माणूस ना?"

दुर्गेशच्या केसांतून पाणी गळत होतं. खरं सांगायला एक शब्द पुरला असता.

"नाही बाबा," तो म्हणाला. "तिकडच्या बोलीत ते... कोणीतरी, असं पण म्हणतात."

देवरावांनी मोबाईल त्याच्या हातात दिला. उशाशी पुस्तक होतं. त्यांनी ते उचललं, पण उघडलं नाही. "असन," ते म्हणाले. "पुस्तकातच चुकलं असन." आणि त्यांनी ते फळीवर ठेवून दिलं, दुर्गेशच्या बँकेच्या फाइलींच्या वर.

त्यानंतर त्यांनी पुस्तकाला हात लावला नाही. दुर्गेशने स्वतःहून मराठी वाक्यं वाचायला दिली, तर ते वाचत, त्याची उत्तरं बरोबर आहेत का पाहत, बस. टँकरचं, कारचं, गोळ्यांचं बोलणंही थांबलं. दुर्गेशला जी शांतता हवी होती ती त्याच घरात मिळाली, आणि त्याला ती सोसेना. बँकेत कोणी म्हातारा काउंटरवर आला की त्याची मान आपोआप खाली जाई. शेवटी त्यानेच भूमिकाला खरं सांगितलं, की खोली बँक देतच नाही. ती म्हणाली, "मले नको सांगू दादा. ज्याले सांगायचं त्याले सांग."

त्याने सांगितलं ते एका सुट्टीच्या दुपारी, देवराव गॅलरीत कपडे वाळत घालत असताना.

"बाबा, मी खोटं बोललो. ओब्बरु म्हणजे एकटाच. मीच तसं सांगितलं होतं त्याले."

"माहीत आहे मले."

"मी फोन करतो त्याले. दोघं म्हणून सांगतो. तुमी चला."

देवरावांनी ओला सदरा झटकला. "काहून? मले वाईट वाटलं म्हणून?"

दुर्गेशने बादली त्यांच्याजवळ सरकवली.

"तू मले आधी सांगतलं असतं ना, की बाबा, मले काही दिवस एकट्याले राहू द्या, तर मी हो म्हटलं असतं. मीही खापरखेड्याले लागलो तेव्हा बापाले गावातच ठेवून आलो होतो. मले राग त्याचा नाई." त्यांनी चिमटा लावला. "मी त्या माणसाले मोठ्या ऐटीत 'इब्बरु' म्हटलं. तो हसला असन मनातल्या मनात. तेवढं नव्हतं पायजे."

दुर्गेशने उरलेले कपडे बादलीतून काढून एकेक त्यांच्या हातात दिले.

भूमिकाशी ठरल्याप्रमाणे देवराव कुहीला गेले आणि दुर्गेश बेंगळुरूच्या गाडीने एकटा निघाला. हासनला पुस्तकातली वाक्यं त्याच्या कामी आली, पण अर्धीच. 'जातो' म्हणायला 'होगुत्तेने' असं कोणी म्हणत नसे, सगळे 'होग्तीनि' म्हणत. वयस्क खातेदारांना 'बन्नी', म्हणजे या, म्हणायचं, 'बा', म्हणजे ये, नाही, हे त्याला शिवण्णांनीच शिकवलं. आपली एक खोली होती. दार उघडल्यावर कोणी नसे. सुरुवातीचे दिवस त्याला ते खरोखर आवडलं, आणि आवडतंय हे फोनवर वडिलांपासून लपवताना तो अडखळे.

थंडीत त्याने शिवण्णांच्या दारात जाऊन, कोणतंही पाठ केलेलं वाक्य न वापरता, विचारलं की माझे वडील थोडे दिवस येऊन राहिले तर चालेल का. मग कुहीला फोन केला. "बाबा, मी तुमाले बोलवून राहिलो. वाईट वाटते म्हणून नाही. या."

पलीकडे भूमिकाच्या घरातल्या टीव्हीचा आवाज बारीक झाला. "येतो," देवराव म्हणाले.

ते आले, आणि महिनाभर राहिले. शिवण्णांबरोबर ओट्यावर बसून ते तासन्‌तास बोलत: निम्मं कन्नड, थोडं हिंदी, उरलेलं हातवारे. शिवण्णा धान कसं लावतात ते सांगत, देवराव कुहीकडचं धान सांगत. दुर्गेशने राहायचा आग्रह केला, तेव्हा ते म्हणाले, "भूमिकाच्या घरी आता सवय झाली गा. तिलेही अन् मलेही."

निघताना बसस्टँडवर त्यांनी शिवण्णांचा हात धरला आणि म्हणाले, "होगि बर्तीनि." जाऊन येतो. तिकडे निरोप घेताना सगळेच असं म्हणतात, आपल्याकडच्यासारखंच, त्यात परत येण्याचं वचन नसतं, हे दुर्गेशला माहीत होतं. तरी त्याने वडिलांकडे पाहिलं, ते आता हेच आपल्यालाही म्हणतील या आशेने.

देवरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "जेवत जा वेळेवर," ते मराठीत म्हणाले आणि बसमध्ये चढले. बस वळेपर्यंत दुर्गेश तिथेच उभा राहिला. मग शिवण्णांनी त्याला कन्नडमध्ये काहीतरी विचारलं, आणि त्यांनी दुसऱ्यांदा विचारेपर्यंत त्याला ते ऐकूच आलं नाही.