बाराआधीची धाव

“पळ, पळ!” कोलकात्यात बालीगंजच्या आमच्या शाळेच्या मैदानावर पुण्याहून बदलून आलेले एक बँकवाले गृहस्थ असे ओरडले, की सियालदह स्टेशनच्या गाड्यासुद्धा वेळेआधी सुटल्या असतील. मुलींच्या शंभर मीटरची अंतिम फेरी होती. पिस्तूल माझ्या हातात होतं आणि बार अजून उडायचा होता, तोवर त्यांची लेक सुटलीसुद्धा. मी शिट्टी फुंकून तिला परत बोलावलं आणि ताकीद दिली.

वडील तावातावाने आले. मी समजावलं, “बाराआधी सुटायची एक चूक माफ असते. तिनेच पुन्हा केली, तर ती शर्यतीतून बाद.”

“पण मास्तर, ओरडलो मी!”

“तो आवाज बाकीच्या सात मुलींनीही ऐकला. त्या नाही हलल्या.”

“त्यांना मराठी कुठे कळतं!”

खरं होतं. मैदानावर मराठी कळणारे आम्ही तिघेच. पण नियम तो नियम. बिचाऱ्या वडिलांनी चादरीएवढा रुमाल तोंडात कोंबला. मी “सेट” म्हणालो. बार उडाला, सातजणी वाऱ्यासारख्या गेल्या. लेक मात्र रेषेवर तशीच ओणवी.

“अगं, पळाली का नाहीस?” मी विचारलं.

“बाबा ओरडलेच नाहीत,” ती म्हणाली.