उकललेलं लेबल

एरुंदिना फ्रेइरेला दुधाची बाटलीसुद्धा दोनदा हुंगल्याशिवाय चैन पडत नसे. स्पेनच्या किनाऱ्यावरच्या कांगास गावात, शाळेच्या खानावळीत ती बारा वर्षं स्वयंपाक करत होती, आणि या बारा वर्षांत तिने एकाही पुरवठादाराच्या शब्दावर पोरांच्या ताटात काही वाढलं नव्हतं. बाई संशयी आहे, असं मुख्याध्यापिका म्हणत. एरुंदिना म्हणे, "संशय नसता तर अर्धी शाळा पोटदुखीने घरी बसली असती."

मासळीच्या बाबतीत हा संशय तिच्या हाडीमाशी होता. सोळाव्या वर्षी ती मारीनच्या गोठवणकारखान्यात लागली आणि सत्तावीस वर्षं पेट्यांवर लेबलं चिकटवत राहिली. नवरा आमारो गोठवणाऱ्या बोटीवर, कधी दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी पाटागोनियाच्या समुद्रात, कधी माल्विनास बेटांकडे. तो आठ-आठ महिने जिथे असायचा त्या पाण्याला लेबलावर एकच नाव होतं : क्षेत्र ४१. नामिबियाकडचं ४७, चिलीचं ८७, आणि आपलं, आयर्लंडपर्यंतचं, २७. बाजारात गेली की बाकीच्या बायका आधी भाव बघत. ही पाकीट उलटं करून क्षेत्र बघे, मग माशाचं शास्त्रीय नाव आणि शेवटी तो अंडाकृती शिक्का, ज्यात देशाची दोन अक्षरं आणि कारखान्याचा क्रमांक असतो. नाव आणि क्षेत्र एकमेकांशी जुळत नसेल, तर तिसरं काही बघायची गरजच नाही, असं तिचं मत होतं.

गेल्या वर्षी पालकांनी ठराव केला. गुरुवारी पोरांना मेर्लुसा, म्हणजे हेक मासळी, द्यायची, ती आपल्या बोटींनी आयर्लंडजवळच्या ग्रान सोलच्या पाण्यात पकडलेली. किनाऱ्यावर राहून लांबचा मासा का खायचा? पुरवठ्याचं काम देल्मीरो सेओआनेला मिळालं. देल्मीरो तिच्या गल्लीतला, तिच्याच वयाचा, शीतगोदामाचा मालक. आमारो समुद्रावर असताना तिच्या गळक्या छपराची कौलं त्यानेच बदलून दिली होती. एरुंदिना हे विसरली नव्हती. तरी प्रत्येक पेटीचं लेबल ती वाचायचीच.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी तिने मेर्लुसाची पेटी बटाट्यांच्या उकळत्या पातेल्याशेजारी ठेवली आणि कांदे चिरायला वळली. परत आली तर वाफेने लेबलाचा कोपरा गोगलगाईच्या शिंगासारखा वर आला होता. खाली पांढरा कागद दिसत होता. लेबलाखाली लेबल.

तिने नखाने ते हळूहळू ओढलं. वरच्यावर लिहिलं होतं : मेर्लुच्चियस मेर्लुच्चियस, क्षेत्र २७, ईशान्य अटलांटिक. खालचं फाटत आलं, तरी शास्त्रीय नावाचा शेवट उरला होता : "ब्सी". आणि त्याच्या शेजारी, स्वच्छ, ४१.

हब्सी. आमारोची मेर्लुसा. ती फक्त दक्षिण अमेरिकेच्या त्या कडेला सापडते. २७च्या पाण्यात तिचं शेपूटही दिसायचं नाही.

एरुंदिनाने दोन्ही लेबलं पाकिटात घालून ॲप्रनच्या खिशात ठेवली आणि मासा शिजवला. मासा चांगलाच होता, दुसरं काही शिजवायला वेळही नव्हता. पण त्यातले दोन तुकडे तिने डब्यात घालून घरी नेले.

"खाऊन सांग," ती आता निवृत्त होऊन घरी असलेल्या आमारोला म्हणाली.

आमारोने बटाटा बाजूला सारला, एक घास घेतला, मान हलवली. "ही आमची. एकेचाळीसची. वीस ट्रिपा मी हीच खाल्ली, तू मला काय विचारतेस?"

"ग्रान सोलची म्हणून आली आहे."

"मग ग्रान सोल फार लांब सरकला म्हणायचं."

दुसऱ्या गुरुवारी देल्मीरो स्वतः माल उतरवायला आला. एरुंदिनाने पेटी त्याच्यासमोर ठेवली.

"देल्मीरो, हा मासा कुठला?"

"वाचता येतं ना तुला? हे बघ." त्याने अंडाकृती शिक्क्यावर बोट ठेवलं. "ई, एस. स्पेन. आपलाच."

"ईएस म्हणजे शेवटचा हात इथला. पेटी कुठे भरली ते कळतं त्यातून. जाळं कुठे पडलं ते नाही. बोटीवरून कुठल्या धक्क्यावर उतरला, तेही नाही. मला काय शिकवतोस?"

देल्मीरो हसला, पण त्याचे कान लाल झाले. मग त्याने शांतपणे म्हटलं, "शिक्क्यातला नंबर वाचलास? कुणाच्या कारखान्याचा आहे? त्या कारखान्यात लेबलांचा विभाग कोण सांभाळतं? आधी घरात विचार, एरुंदिना. मी जसा माल येतो तसा पोचवतो."

तो गेला आणि एरुंदिना तिथेच उभी राहिली. नंबर तिने वाचला होता. खालच्या लेबलावरही तोच आणि वरच्यावरही तोच. वाचल्यापासून तिने तो विचार बाजूला ठेवला होता, इतकंच. दर नाताळात तिची मुलगी उशीआ कारखान्यातून कोळंबीची पेटी आणायची, आणि त्या पेटीवर हाच नंबर असायचा. उशीआ तिथे चार वर्षांपासून लेबलविभागाची प्रमुख होती. दोन्ही लेबलांवर एकच कारखाना, म्हणजे दोन्ही लेबलं त्याच कारखान्यात छापली गेली असणार. दुसरं काय असणार?

त्या रविवारी उशीआ नेहमीसारखी जेवायला आली. एरुंदिनाने रश्श्याचं भांडं ठेवता ठेवता विचारलं, "तुमच्याकडे चूक झाली की लेबल बदलतात का गं?"

"बदलतात कधी कधी. का?"

"सहज."

थोड्या वेळाने एरुंदिनानेच पुन्हा विचारलं, "नवा मालक कसा आहे?"

"नवा कुठला? तोच आहे."

"आणि तुझी ही नवी गाडी?"

उशीआने चमचा खाली ठेवला. "हप्त्यांवर घेतली आहे, आई. तुला माहीत आहे."

पुढच्या रविवारी एरुंदिनाने विचारलं की वरिष्ठांनी सांगितलं तर माणसाला नाही म्हणता येतं का. त्यानंतरच्या रविवारी तिने काहीच विचारलं नाही, नुसती मुलीच्या हातांकडे बघत राहिली. आमारोला ऐकू कमी येत होतं, पण दिसत सगळं होतं. "पोरीकडे काय अशी बघतेस? तिने चोरी केलीय का?" तो मोठ्याने म्हणाला.

उशीआ आईकडे वळली. "केलीय का, आई?"

एरुंदिना उठली, कपाटातून पाकीट काढलं आणि दोन्ही लेबलं टेबलावर मांडली. देल्मीरो काय म्हणाला तेही सांगितलं. एका दमात, मुलीकडे न बघता.

उशीआने फाटकं लेबल आधी घेतलं. "हे आमचं. हब्सी, ४१. लॉटचा नंबर अर्धा आहे, पण चालेल." मग वरचं उचललं आणि खिडकीजवळ नेलं. बराच वेळ वाचलं. परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर राग होता, पण थंड.

"हे आमचं नाही."

"नंबर तुमचाच आहे."

"नंबर कुणीही नकलू शकतं. २७च्या पुढे काय लिहिलंय ते वाच."

"ईशान्य अटलांटिक."

"नुसतं २७. आई, आता नुसतं २७ छापता येत नाही. २७ किंवा भूमध्यातलं ३७ असेल तर आतलं उपक्षेत्र द्यावंच लागतं. ग्रान सोलचं सातात येतं, सात-जे, सात-सी, असं काहीतरी. आमच्या यंत्रात ते भरल्याशिवाय पुढची चौकटच उघडत नाही. माझ्या विभागातून असं अर्धवट लेबल बाहेर पडणं शक्यच नाही. हे कुणीतरी घरच्या छपाईयंत्रावर काढलंय, आणि त्याला नियम माहीत नाही."

एरुंदिनाने लेबल परत घेतलं. तिच्या काळात नुसते क्षेत्रांचे आकडे असत. दुकानात २७पुढे अक्षरं आणि आकडे तिने कितीदा पाहिले होते, पण ते काहीतरी बोटीचं असेल असं समजून सोडून दिले होते. सत्तावीस वर्षांचं ज्ञान नेमकं याच जागी शिळं झालं होतं.

सोमवारी दुपारी उशीआचा फोन आला. अर्ध्या लॉटवरून तिने माल शोधून काढला होता. मासा ४१मध्ये पकडला, बोटीवरच तुकडे करून गोठवला, माँटेव्हिडिओला उतरवला, कंटेनरने विगोला आला. "आम्ही फक्त पेट्या भरल्या. बंदर कुठल्याच पाकिटावर छापत नाही, पण आमच्या कागदांत आहे. आणि त्या लॉटच्या चाळीस पेट्या देल्मीरोच्या गोदामात गेल्यात, ४१ म्हणूनच. मी तपासनीसांना कळवलं आहे. तू तुझी लेबलं शाळेकडे दे."

एरुंदिनाने तीच दुपार मुख्याध्यापिकेच्या खोलीत काढली. तपासनीस आठवड्याने गोदामात गेले, तेव्हा देल्मीरोच्या कार्यालयात लेबलांची गुंडाळी आणि साधं छपाईयंत्र सापडलं. शरदात ग्रान सोलचा मासा कमी उतरला, ठराव मोडवत नव्हता, म्हणून दोन महिने असं केलं, असं त्याने कबूल केलं. शाळेने करार रद्द केला. तो आता तिच्या दारावरून जाताना रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने जातो. कौलं मात्र अजून गळत नाहीत.

उशीआ तीन रविवार आली नाही. एरुंदिनाने फोन केला की ती उचलायची, कामाचं बोलायची, ठेवायची. चौथ्या रविवारी एरुंदिना स्वतः तिच्या घरी गेली, हातात काही न घेता. उशीआने कॉफी ठेवली.

"देल्मीरोचं ऐकून तीन आठवडे तू मला चोर समजलीस," उशीआ म्हणाली. "मला लेबल दाखवलं असतंस तर पाच मिनिटांत संपलं असतं."

"विचारायची भीती वाटली."

"का? मी इतकी वाईट वागते का तुझ्याशी?"

एरुंदिनाने कप बशीत फिरवला. मग तिने कुणालाच न सांगितलेली गोष्ट सांगितली. क्षेत्रांचे आकडे नुकतेच सक्तीचे झाले होते त्या हिवाळ्यात मुकादमाने तिला एक गठ्ठा दिला आणि म्हणाला, ४७वर २७ चिकटव, छपाईत चूक झाली आहे. छपाईत चूक नव्हती, तिला माहीत होतं. तरी तिने दहा दिवस चिकटवलं. घरी दोन पोरं होती, नवरा समुद्रावर होता. कुणी विचारलं नाही, कुणी ओरडलं नाही, आणि तिने नाही म्हटलं नाही.

"माझ्याच हातांनी केलेलं होतं ते," ती म्हणाली. "म्हणून तुझ्या हातांकडे बघत होते."

उशीआने खिडकीतून धक्क्यावरच्या बोटींकडे पाहिलं. मग ती उठली आणि फ्रीजमधून काल आणलेलं मेर्लुसाचं पाकीट काढून आईसमोर ठेवलं.

"हे वाच," ती म्हणाली. "मोठ्याने. मला कळू दे, आता किती येतं तुला."

एरुंदिनाने चष्मा चढवला आणि वाचायला सुरुवात केली. सातच्या पुढचं अक्षर तिने दोनदा वाचलं.