उशीचा विनोद मराठीत कसा आला

शहरातल्या सदर नावाच्या भागातील एका कार्यालयात काम करणाऱ्या भारती पराते यांनी आमच्या नाट्यसंस्थेसाठी एका हिंदी प्रहसनाचे मराठी रूपांतर केले. त्यातील एका प्रवेशात वरपिता ‘सोना चाहिए’ म्हणतो आणि वधूपिता त्याच्यापुढे उशी ठेवतो. हिंदीत ‘सोना’ म्हणजे झोपणेही. मराठीत हा श्लेष उरत नाही. दिग्दर्शक भूपेश यांनी बजावले, “तालमीत कोणी हसलं नाही, तर नाटक हिंदीतच करू.”

भारतीताईंनी दुसरा श्लेष शोधलाच नाही. वधूपिता न चिडता वरपित्याला निरुत्तर करतो, हेच हसण्याचे खरे कारण आहे, हे त्यांनी ओळखले. उशी काढून टाकून त्यांनी आपल्याकडच्या लग्नाच्या बैठकीतले नेहमीचे बोलणे घेतले.

तालमीला कलावंतांचे नातलग बसले होते. वरपिता म्हणाला, “आमाले काही नको जी. जे द्याचं ते पोरीच्या नावानं द्या.”

“मंग असं करू जी,” वधूपिता शांतपणे उत्तरला, “पोरगी आमच्याजवळ राहू द्या. तुमी नाव घेऊन जा.”

हशा इतका लांबला, की नटाला पुढचे वाक्य पुन्हा म्हणावे लागले. भूपेश डोळे पुसत म्हणाले, “ताई, आता सारं नाटक असंच करून द्या.”

“ते तर कवाचं झालं गा,” भारतीताई म्हणाल्या, “तू प्रयोगाची तारीख सांग.”