मूल नसल्याचा अधिभार

टोरोंटोजवळच्या मार्कहॅममध्ये तीसेक वर्षं काढल्यावर कंपनीने मला दोन वर्षांसाठी जर्मनीच्या ऑफिसात पाठवलं. बायको तिच्या नोकरीमुळे मार्कहॅमलाच राहिली. मुलगी एडमंटनला नोकरी करत होती.

पहिल्याच आठवड्यात ऑनलाइन आरोग्य विम्याचा अर्ज भरायला बसलो. सोबत कोणाचा विमा उतरवायचा? 'कोणाचाही नाही,' असं नोंदवलं. मग पगारातून कापल्या जाणाऱ्या हप्त्यांच्या ओळी आल्या. मूळ हप्ता निम्मा माझा, निम्मा कंपनीचा. पुढचा जादा हप्ता मात्र संपूर्ण माझा, कारण त्या काळी कायदाच तसा होता. त्याखाली म्हातारपणी लागणाऱ्या शुश्रूषेचा विमा. आणि शेवटी, 'मूल नसल्याचा अधिभार'.

मी अर्ज तिथेच सोडून थेट मनुष्यबळ विभागातल्या बाईंकडे गेलो.

"मला सव्वीस वर्षांची मुलगी आहे!"

"अभिनंदन. पुरावा?" त्यांनी शांतपणे विचारलं. "मूल कितीही मोठं असो, कुठेही राहो, हा अधिभार लागत नाही. पण कागद आमच्याकडे हवा. तो दिलात की पुढच्या महिन्यापासून कपात बंद."

प्रश्न महिन्याला जेमतेम दहा युरोंचा होता. पण सरकारदरबारी निपुत्रिक ठरणं मनाला लागलं. बायकोकडून जन्मदाखल्याचा फोटो मागवला. तिने खिशात मावेल एवढ्या कार्डाचा पाठवला.

बाईंनी तो नीट पाहिला. "यावरून एवढंच कळतं की ही मुलगी जन्मली. वडील कोण, ते यावर नाही."

खरंच नव्हतं. आमच्या टोरोंटोकडच्या त्या छोट्या कार्डावर आईवडिलांची नावंच नसतात. इतकी वर्षं ते कपाटात होतं, मी कधी वाचलं नव्हतं.

आता मोठा दाखला हवा होता. मुलीला फोन केला. तिने इंजिनीअरिंग सोडलं तेव्हापासून आमचं बोलणं वाढदिवसापुरतं उरलं होतं.

"डॅडी, लेट मी गेट धिस स्ट्रेट. यू नीड मी टू प्रूव्ह यू आर माय फादर?"

"हो. जर्मन सरकारला."

ती इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मग म्हणाली, "ओके, आय विल अप्लाय. बट यू ओ मी अ व्हिजिट."

दाखला आला. त्यावर माझं नाव होतं, स्पेलिंगसकट बरोबर. बाईंनी प्रत ठेवून घेतली आणि पुढच्या महिन्यात पगारपत्रकावरची ती ओळ गेली.

बायकोला कौतुकाने सांगितलं, तर ती म्हणाली, "त्या बाईंनी पुरावा म्हणून मला विचारलं असतं, तर तिला शाळेत कोण सोडायचं तेही सांगितलं असतं. बरं झालं, नाही विचारलं."

नाताळच्या सुटीत मी एडमंटनचं तिकीट काढलं.