मॅचिंगचं जेवण

माणिकपूरच्या रंगाच्या दुकानात आयुष्यभर लोकांना भिंतींच्या शेड सुचवल्यावर माणसाला एक रोग जडतो. जगातली प्रत्येक वस्तू दुसऱ्या वस्तूशी मॅच झाली पाहिजे, असं वाटायला लागतं. पडद्याशी सोफा, सोफ्याशी उशी, उशीशी घरमालकीण. मी निवृत्त झालो, रोग काही झाला नाही. आणि तो शेवटी उफाळला कुठे, तर जेवणाच्या टेबलावर.

वटार गावात आमची छोटीशी वाडी आहे. केळी, नारळ आणि कसेबसे तग धरलेले चिकू. बायकोच्या हाताला चव आहे, हे माझ्याशिवाय सगळ्या नातेवाइकांनी वेळोवेळी कबूल केलेलं. तिच्या डोक्यात आलं की रविवारी मुंबईची माणसं इकडे हिरवं बघायला येतात, त्यांना घरचं जेवण वाढावं. मुंबईच्या एक बाई अशा सहली काढतात. त्या म्हणाल्या, एकदा येऊन जेवते, आवडलं तर हिवाळ्याचे सगळे रविवार तुमचे. बायकोने कधी कुणाकडे काही मागितलं नाही, पण हे रविवार तिला हवे होते. स्वयंपाकघराबाहेर आपलं काहीतरी असावं, एवढंच.

"टेबल मी बघतो," मी म्हणालो.

"बघा. तेवढं तरी करा," ती म्हणाली. हे 'तेवढं तरी' तिच्याच अंगावर उलटायचं होतं.

मी बाजारात जाऊन एकेक पदार्थ डोळ्यांसमोर आणत भांडी निवडली. अळूच्या फतफत्याला बाटलीसारखा हिरवा बोल. वरणाला पिवळा. तळलेल्या सुरमईला मरून रंगाची लांब डिश. केळफुलाच्या भाजीला तपकिरी. भाताला पांढरं ताट, दह्याला पांढरा बोल. सोलकढीला गुलाबी मग. जेवायच्या प्लेटा बदामी, कारण टेबल सागवानी. दुकानदाराने विचारलं, "काका, एक निळा घेऊन जा, चांगला दिसतो." मी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. निळा पदार्थ कुणी खातं का? याला रंगातलं काय कळणार!

रविवारी बाई आल्या, सोबत त्यांचे यजमान. गळ्यात कॅमेरा अडकवलेला. आजकाल देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी कॅमेऱ्याला दाखवतात. मी पडवीत टेबल मांडलं होतं. बायको आतून पातेली आणून देत होती, मी जे ते ज्याच्या त्याच्या रंगाच्या भांड्यात ओतत होतो. शेवटचा चमचा ठेवून दोन पावलं मागे सरलो. नुकता रंगवलेला हॉल बघावा तसं समाधान वाटलं.

यजमानांनी कॅमेरा डोळ्याला लावला. मग काढला. काच पुसली. पुन्हा लावला.

"अजून यायचंय ना जेवण?" त्यांनी विचारलं.

"आलंय की," मी म्हणालो.

बाई खुर्चीत बसल्या, टेबलावरून नजर फिरवली आणि दह्याच्या बोलकडे बोट दाखवलं. "हा रिकामा कशाला ठेवलाय?"

"दही आहे त्यात, ताई."

"अगबाई, हो!" त्यांनी वाकून पाहिलं. मग हिरव्या बोलमध्ये पाहिलं आणि जरा मागे सरकल्या. हिरव्यात हिरवं बुडून अळू काळपट दिसत होतं, विहिरीत डोकावल्यासारखं. पिवळ्या बोलमध्ये वरण आहे की नाही, हे बोट घातल्याशिवाय कळत नव्हतं. सुरमई मरून रंगाच्या डिशमध्ये जळणासाठी आणलेल्या लाकडांसारखी तपकिरी पडली होती. पांढऱ्या ताटात भात तर दिसतच नव्हता, वर ठेवलेला कढीपत्ता तेवढा हवेत तरंगत होता. बाईंनी सोलकढीचा मग नाकाशी नेला आणि अलगद खाली ठेवला.

"पथ्याचं बनवता का तुम्ही?" त्यांनी विचारलं. फार गोड आवाजात. असल्या आवाजात लोक नाही म्हणतात.

बायको तेवढ्यात गरम फुलके घेऊन बाहेर आली. टेबल तिने पहिल्यांदाच पूर्ण बघितलं. माझ्याकडे बघितलं. मी हसलो. ती हसली नाही.

"वाफ गेली वाटतं सगळ्याची," ती पाहुण्यांना म्हणाली. "पाच मिनिटं थांबा, गरम करून आणते. अहो, तुम्ही आत या."

हे 'आत या' माझ्या ओळखीचं आहे.

"काय केलंय हे?" आत गेल्यावर ती कुजबुजली.

"मॅचिंग."

"जेवणाचं लग्न लावायचंय का? चमचा दिसतोय, भाजी दिसत नाही."

"अगं, भिंतींना..."

"भिंत कुणी खातं का? सकाळपासून उभी आहे मी. अळू असं शिजवलंय की आई असती तर पाठ थोपटली असती, आणि ती बाई ते बघून मागे सरकली. मागे!"

त्या 'मागे'ला तिचा आवाज कापला. तेव्हा मात्र मला हसू आलं नाही.

मग तिने मी लावलेली सगळी लग्नं मोडली. बोल धुऊन पुसून मी तिच्या हातात देत गेलो. अळू दह्याच्या पांढऱ्या बोलमध्ये गेलं, आणि त्यातले शेंगदाणे अन् खोबऱ्याचे तुकडे एकदम डोळे उघडून बसले. दही हिरव्या बोलमध्ये पडलं नि चंद्रासारखं उजळलं. भात मरून रंगाच्या डिशमध्ये, शीत न् शीत मोजून घ्या. सुरमई पांढऱ्या ताटात, बाजूला लिंबाची फोड. तिखटाचा लाल रंग कुठून परत आला देव जाणे. केळफूल पिवळ्यात. सोलकढी साध्या काचेच्या ग्लासांत. जेवायला घरातल्या पांढऱ्या प्लेटा.

वरण राहिलं. "निळं काही आहे?" तिने विचारलं.

मी माळ्याकडे बघितलं.

तिने माळ्यावरचा डबा काढायला लावला. त्यात आमच्या लग्नात आलेला गर्द निळा बोल होता, जो मी 'कशाशीच जात नाही' म्हणून वर टाकलेला. धुऊन त्यात वरण ओतलं, वर तुपाची धार सोडली. पिवळं असं पेटलं की मला दुकानदाराचा चेहरा आठवला. भोसडीचा बरोबर होता.

बाहेर यजमानांचा कॅमेरा थांबेना. बाईंनी अळू तीनदा घेतलं. पदार्थ तेच, मीठ तेच, आणि दहा मिनिटांपूर्वी हीच माणसं आजाऱ्याच्या घरी आल्यासारखी बसली होती! माणसाच्या जिभेला मी मोठी समजायचो. ती डोळ्यांची मोलकरीण निघाली.

हात धुताना बाई बायकोला म्हणाल्या, "रविवार तुमचे. वीस-पंचवीस माणसं आणीन. फक्त एक विचारू का, टेबल दरवेळी कोण लावणार?"

"मीच," बायको म्हणाली.

"मग ठीक," बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे न बघता पडवी उतरल्या.

आता रविवारी आमच्याकडे पंगत असते. बदामी प्लेटा कुंड्यांखाली गेल्या, गुलाबी मगांत माझे ब्रश असतात. माझ्याकडे पाणी दिलंय. पाण्याला रंग नसतो म्हणून. परवा ग्लास भरताना मी नुसतं म्हणालो, या पाण्याच्या जगला एखादं मॅचिंग झाकण... तर ती पातेल्यातून मान वर न करता म्हणाली, "पारदर्शक."