एकतिसाव्या पानावरचं वाक्य

पुष्पावतीबाई रोज सकाळी इंग्रजी मजकुरावर कोरा कागद ठेवायच्या. आधी फ्रेंच पान वाचायचं, पेन्सिलीनं वाक्यं मोजायची आणि मगच कागद सरकवायचा.

त्या नगरच्या कॉलेजात फ्रेंच शिकवत. श्रीगोंद्याकडच्या साखर कारखान्यानं १९७२ साली फ्रान्सहून साखर आणि मळी वेगळी करणारं यंत्र आणलं. त्याच्या माहितीपुस्तकाचं इंग्रजी कंपनीनं कॉम्प्युटरकडून करून घेतलं होतं. सगळी अक्षरं मोठी, कागद घडीघडीचा. मूळ फ्रेंचशी ताडून ते दुरुस्त करायचं काम बाईंकडे आलं.

कॉम्प्युटरच्या खोड्या त्यांना लवकरच पाठ झाल्या. 'तेल तपासा'च्या जागी तो 'तेल ताब्यात ठेवा' म्हणे. यंत्रात गरगर फिरणाऱ्या जाळीच्या टोपलीला इंग्रजीत 'इट'ऐवजी बाईमाणसासारखं 'शी' म्हणे. अडीचचा आकडा फ्रेंच पद्धतीनं, बिंदूऐवजी स्वल्पविराम देऊन, '२,५' असाच सोडे. असली अडखळणारी वाक्यं लगेच दिसत. बाईंना भीती वाटे ती सरळ वाचल्या जाणाऱ्या पानांची.

एकतिसावं पान तसंच होतं. परीक्षेच्या गडबडीत त्यांनी ते न मोजताच टायपिंगला दिलं.

कारखान्यात यंत्राची चाचणी होती त्या दिवशी सकाळी आपली प्रत चाळताना त्यांनी सहज मोजलं. फ्रेंच चौदा, इंग्रजी तेरा. 'वीज बंद करा. झाकण उघडा.' मधलं लांबलचक वाक्य कॉम्प्युटरनं गाळलं होतं: टोपली पूर्ण थांबेपर्यंत झाकणाला हात लावू नये, वीज तोडल्यावरही तिला थांबायला काही मिनिटं लागतात.

चाचणी दहाला होती. कारखान्याला ट्रंककॉल लावायला बाई पायातल्या चपला हातात घेऊन तारऑफिसपर्यंत पळाल्या. घड्याळात दहाला पाच कमी होते.

"श्रीगोंद्याची लाईन लागंना, बाई," आसाराम तारबाबू म्हणाला.

"पुन्हा लाव. अर्जंट लाव."

दहा वाजून गेले. बाईंच्या डोळ्यांसमोर फक्त एक हात होता, कुणाचा ते माहीत नसलेला. सात मिनिटांनी चीफ इंजिनिअर श्रीमंत शेळक्यांचा आवाज आला.

"बोला बाई! चालू हाय चाचणी. आत्ताच वीज तोडली."

"झाकण उघडू नका!"

"आँ? पुस्तकात तर…"

"पुस्तक चुकलंय. माझ्याकडून चुकलंय. टोपली फिरतेय अजून!"

रिसीव्हर टेबलावर आदळला. लांबून आरोळी ऐकू आली, "गोरक्ष! हात काढ! काढ म्हनतो ना!"

बाईंनी काउंटरची कड घट्ट धरली.

बऱ्याच वेळानं शेळके परत आले. आवाज बारीक झाला होता. "खिट्टी काढली हुती त्यानं. झाकण न्हाई उचललं अजून. आत घरघर चालूच हाय… गोरक्ष खाली बसलाय, बाई."

"बाकीच्या पानांवर अजून असं असेल. मी येईपर्यंत यंत्राला कुणी शिवायचं नाही."

लाईन तुटली.

"पाणी देऊ का, बाई? बसा जरा," आसाराम म्हणाला.

"नको," बाई चपला पायांत घालत म्हणाल्या. "श्रीगोंद्याची गाडी आता किती वाजता आहे?"